मॉडिफाइड ऑयलरची एक पायरी: एकदाच दुरुस्त करायची की चार वेळा?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गूळ थंड होण्याचं उदाहरण आहे: सुरुवातीचं तापमान ११८ अंश, हवा २८ अंश, स्थिरांक मिनिटाला ०.०२, आणि १० मिनिटांनंतरचं तापमान एकाच पायरीत काढायचं. साध्या ऑयलरने १०० येतं. वर्गात मॉडिफाइड ऑयलरने एकदा दुरुस्ती करून १०१.८० काढलं. क्लासच्या नोट्समध्ये चार वेळा दुरुस्ती करून १०१.६४ दिलंय. बरोबर कोणतं? आणि एवढी आकडेमोड करून साध्या पायरीपेक्षा मिळतं काय?

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या पद्धतींची उत्तरं आहेत. या समीकरणाचं नेमकं उत्तर आपल्याला काढता येतं आणि ते १०१.६९ आहे. म्हणजे वर्गातलं उत्तर ०.११ ने वर आहे, नोट्समधलं ०.०५ ने खाली आहे आणि साधी पायरी १.६९ ने खाली आहे. चार वेळा दुरुस्ती करूनही उत्तर खऱ्याच्या पलीकडे का जातं, हे समजलं की ही पद्धत तुला खऱ्या अर्थाने कळली. म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे. आधी हाताने एक पायरी नीट करू.

काहिलीतला पाक साधारण ११८ अंशांपर्यंत तापला की गुळव्या काहील उतरवतो आणि पाक थंड करायला पसरट पात्रात ओतला जातो. तिथून तो थंड होऊ लागतो. न्यूटनच्या नियमाप्रमाणे थंड होण्याचा वेग पाक आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असतो. त्या वेगाला मी पुढे ‘उतार’ म्हणेन, कारण आलेखावर तो उतारच असतो.

सुरुवातीला फरक ११८ − २८ = ९० अंश. उतार = −०.०२ × ९० = −१.८, म्हणजे मिनिटाला १.८ अंशांची घट. साधा ऑयलर म्हणतो, पुढची दहाही मिनिटं हाच उतार धर:

११८ − १० × १.८ = १००

इथेच त्याची चूक आहे आणि ती कोणत्या बाजूला होणार हे आकडेमोडीआधीच सांगता येतं. पाक थंड होत जाईल तसा फरक कमी होतो आणि घटही मंदावते. साधी पायरी मात्र सर्वांत जोराचा, पहिल्या क्षणाचा वेग शेवटपर्यंत ताणते. त्यामुळे ती नेहमी गरजेपेक्षा जास्त थंड उत्तर देणार. १०० आलं, खरं १०१.६९ आहे.

दोन टप्प्यांच्या पद्धतीत हे १०० आपण उत्तर म्हणून घेत नाही. तो फक्त अंदाज असतो, आणि त्याचा एकच उपयोग असतो: पायरीच्या दुसऱ्या टोकाला उतार किती असेल ते बघायचं. १०० अंशांना फरक ७२, म्हणून उतार −०.०२ × ७२ = −१.४४. आता आपल्याकडे दोन उतार आहेत, सुरुवातीचा −१.८ आणि शेवटचा (अंदाजे) −१.४४. दोन्हींची सरासरी −१.६२. पुन्हा मूळ ११८ पासून निघायचं आणि या सरासरीने दहा मिनिटं जायचं:

११८ − १० × १.६२ = १०१.८०

वर्गातलं उत्तर ते हेच. सूत्राच्या रूपात सगळी कृती चार ओळींची आहे. यात f म्हणजे दिलेल्या वेळी आणि तापमानाला उतार काढायचं सूत्र, t0 सुरुवातीची वेळ, T0 सुरुवातीचं तापमान, h पायरी, m1 आणि m2 दोन टोकांचे उतार, Tp हा अंदाज आणि T1 दुरुस्त उत्तर:

```
m1 = f(t0, T0)
Tp = T0 + h*m1
m2 = f(t0 + h, Tp)
T1 = T0 + (h/2)*(m1 + m2)
```

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो. चूक १.६९ वरून ०.११ वर आली, म्हणजे सुमारे पंधरावा हिस्सा उरला. पण ही तुलना अजून न्याय्य नाही. साध्या पायरीत आपण उतार एकदा काढला, दुसरीत दोनदा. उतार काढणं हेच खरं कष्टाचं काम असतं. इथे तो एक गुणाकार आहे, पण खऱ्या कामात त्यासाठी कधी कधी पानभर आकडेमोड लागते. तेव्हा साध्या ऑयलरलाही दोन उतार देऊ, म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या दोन पायऱ्या. पहिल्या पायरीला ११८ − ५ × १.८ = १०९. तिथे फरक ८१, उतार −१.६२, दुसऱ्या पायरीला १०९ − ८.१ = १००.९. चूक ०.७९. तेवढ्याच कष्टात दोन टप्प्यांची एक पायरी ०.११ चूक देते. साध्या ऑयलरने ०.११ च्या आत यायचं तर दहा मिनिटांचे १४ तुकडे करावे लागतात, म्हणजे १४ उतार. ‘मिळतं काय’ याचं उत्तर हे: १४ उतारांचं काम दोन उतारांत होतं.

पायरी आणखी लहान केली की हा फरक वाढतच जातो. दोन टप्प्यांची पद्धत पाच मिनिटांच्या दोन पायऱ्यांनी करून बघ. पहिल्या पायरीअखेर १०९.४५ येतं आणि दुसऱ्या अखेर १०१.७१. चूक ०.०२६, म्हणजे आधीच्या ०.११ च्या साधारण चौथा हिस्सा. साध्या ऑयलरची चूक मात्र पायरी निम्मी केल्यावर १.६९ वरून ०.७९ वर, म्हणजे साधारण निम्मीच झाली होती. पहिल्या आणि दुसऱ्या कोटीची पद्धत असं पुस्तकात म्हणतात ते हेच. व्याख्या पाठ करण्याऐवजी हे चार आकडे एकदा स्वतः काढ, मग ती विसरत नाही. शिवाय पेपरमध्ये आपली कृती बरोबर आहे का हे पडताळायला याहून चांगलं साधन नाही. पायरी निम्मी करूनही चूक चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली नाही, तर बहुतेक वेळा दुसरा उतार चुकलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. १०१.८० मिळाल्यावर नोट्सवाल्यांनी पुढे विचार केला की शेवटचा उतार आपण १०० अंशांवर काढला होता, आता १०१.८० हे जास्त चांगलं तापमान हाती आहे, तर उतार तिथे पुन्हा काढू. १०१.८० ला फरक ७३.८, उतार −१.४७६, −१.८ शी सरासरी −१.६३८, उत्तर १०१.६२. पुन्हा तेच केलं की १०१.६३८, आणि चौथ्यांदा १०१.६३६२. उत्तर खाली-वर होत एका आकड्याशी येऊन थांबतं. प्रत्येक वेळचा बदल आधीच्या बदलाच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो: १.८, मग ०.१८, मग ०.०१८. आकडे असे स्थिरावू लागले की आपण खऱ्या उत्तरापाशी पोचलो असं वाटतं. पण थांबलेला आकडा १०१.६४ आहे आणि खरं उत्तर १०१.६९ आहे. आणखी पन्नास वेळा दुरुस्ती केलीस तरी ही ०.०५ ची दरी मिटणार नाही.

ती कुठून येते हे बघायला दोन चुका वेगळ्या करू. समज, कोणीतरी आपल्याला शेवटचं खरं तापमान, १०१.६८५८, आधीच सांगितलं. मग शेवटचा खरा उतार −१.४७३७ येतो. दोन खऱ्या उतारांची सरासरी −१.६३६९, आणि तिने उत्तर १०१.६३ येतं. दोन्ही टोकांचे उतार अगदी खरे घेऊनही उत्तर ०.०५४ ने खाली गेलं! कारण घटीचा वेग सरळ रेषेत कमी होत नाही. तो आधी भराभर आणि मग सावकाश कमी होतो, त्याचा आलेख खाली झोळ पडल्यासारखा असतो. दोन टोकं जोडणारी सरळ रेषा त्या झोळाच्या वर राहते, म्हणून टोकांची सरासरी मधल्या खऱ्या सरासरीपेक्षा थोडी जास्त घट दाखवते. ही सरासरी घेण्याचीच चूक आहे आणि ती अंदाज कितीही सुधारला तरी तशीच राहते.

दुसरी चूक अंदाजाची. अंदाज १०० हा खऱ्यापेक्षा थंड होता, म्हणून तिथला उतार १.४७३७ ऐवजी १.४४ असा मंद आला. त्यामुळे सरासरी घट कमी पडली आणि उत्तर ०.१६९ ने वर गेलं. आता दोन्ही एकत्र कर: वर ०.१६९, खाली ०.०५४, पुढचे दशांशही धरले तर बेरीज वर ०.११४ अंश. एका दुरुस्तीची चूक बरोबर एवढीच आहे, १०१.८० वजा १०१.६८५८.

म्हणजे वारंवार दुरुस्ती करून आपण फक्त अंदाजाची चूक खोडत जातो. ती संपली की सरासरीची चूक उघडी पडते, आणि ती विरुद्ध बाजूची असल्यामुळे उत्तर खऱ्याला ओलांडून खाली जातं. आपण पोचतो ते समलंब नियमाच्या उत्तरावर, समीकरणाच्या खऱ्या उत्तरावर नव्हे. या उदाहरणात तिथे पोचून चूक निम्म्याहून कमी झाली हे खरं, पण त्यासाठी तीन जादा उतार काढावे लागले. तेवढेच कष्ट पायरी निम्मी करण्यात घातले असते, तर चार उतारांत ०.०२६ चूक मिळाली असती. चार दुरुस्त्यांना एकूण पाच उतार लागले आणि चूक ०.०५ राहिली. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एकदा दुरुस्ती करावी, आणि उत्तर अजून सुधारायचं असेल तर पायरी लहान करावी. परीक्षेत मात्र ‘चार दशांशांपर्यंत स्थिर होईपर्यंत दुरुस्ती करा’ असं लिहिलं असेल तर तसंच करायचं, कारण तिथे विचारलेली पद्धतच ती आहे.

गोंधळ नावामुळेही होतो. एकदाच दुरुस्ती करणाऱ्या रूपाला बरेच जण हॉइनची पद्धत म्हणतात. कार्ल हॉइन यांचा यावरचा लेख १९०० सालचा, आणि त्याआधी १८९५ मध्ये कार्ल रुंगे यांनी याच दिशेने सुरुवात केली होती. आपल्याकडे ‘मॉडिफाइड ऑयलर’ हे नाव कधी एका दुरुस्तीला, कधी स्थिर होईपर्यंतच्या दुरुस्त्यांना, तर कधी पायरीच्या मध्यावर उतार काढायच्या पद्धतीलाही दिलेलं आढळतं. मध्यावरची पद्धत इथे करून बघितलीस तर अर्ध्या पायरीला १०९, तिथला उतार −१.६२ आणि उत्तर पुन्हा १०१.८०. हे समीकरण तापमानात रेषीय आहे आणि त्यात वेळ वेगळी येत नाही, म्हणून ही दोन उत्तरं जुळली. वर्गमूळ किंवा वर्ग असलेल्या समीकरणात ती जुळतीलच असं नाही. म्हणून उत्तराच्या वर ‘एक दुरुस्ती’ किंवा ‘चौथी दुरुस्ती’ असं लिहून ठेव, तपासणाऱ्याचा आणि तुझाही घोळ होणार नाही.

१०१.८० आणि १०१.६४ यांतला फरक गुऱ्हाळात कितपत जाणवेल? एक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर दोन्ही १०२ च्या जवळच दिसतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ०.०२ हा स्थिरांक. तो मी किंवा तुझ्या पुस्तकाने आकडेमोड सोपी व्हावी म्हणून घेतलेला आहे. तो ०.०२१ असता तर १० मिनिटांनंतरचं नेमकं उत्तरच १००.९५ झालं असतं, म्हणजे ०.७३ चा फरक. पाक ढवळला, पात्र जास्त पसरट असलं किंवा वारा सुटला की हा स्थिरांक बदलतो. गूळ दाणेदार होऊ लागला की त्यातून उष्णता बाहेर पडते आणि न्यूटनचा साधा नियमच पुरेसा राहत नाही. स्थिरांकच एवढा हलत असताना तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीतून आलेले दशांश पाकाबद्दल काहीही सांगत नाहीत. साध्या पायरीची १.६९ ची चूक मात्र थर्मामीटरवर सरळ दिसेल एवढी मोठी आहे. एक दुरुस्ती करायलाच हवी, चार नकोत, असं मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

अंदाज आणि दुरुस्ती यांतला फरक फेकून देऊ नकोस. इथे तो १०१.८० − १०० = १.८ आहे, आणि साध्या पायरीची खरी चूक १.६९ होती. खरं उत्तर माहीत नसतानाही साधी पायरी किती चुकली असेल याचा अंदाज हा फरक देतो. संगणकावरच्या पद्धती पायरी किती मोठी घ्यायची हे आपोआप ठरवतात, त्यांतल्या कित्येकांचा पाया अशाच दोन उत्तरांच्या फरकात असतो.

हाताने करताना होणाऱ्या चुका बहुतेक दोनच असतात. पहिली म्हणजे दुरुस्ती करताना ११८ ऐवजी अंदाजापासून, म्हणजे १०० पासून निघणं. १०० − १६.२ = ८३.८ येतं आणि गडी पुढे जातो. हे ओळखायला सोपं आहे: दुरुस्त उत्तर सुरुवात आणि अंदाज यांच्या मध्येच पडायला हवं, कारण दोन्ही उतार घटीचे आहेत आणि दुसरा मंद आहे. ८३.८ हे १०० च्याही खाली गेलं की समजायचं. दुसरी चूक समीकरणात वेळ असेल तेव्हा होते. समज, संध्याकाळची वेळ आहे आणि हवेचं तापमान मिनिटाला ०.०५ अंशाने उतरतंय. दहा मिनिटांनी हवा २७.५ झाली. दुसरा उतार काढताना नवी हवा घ्यायची: −०.०२ × ७२.५ = −१.४५, सरासरी −१.६२५, उत्तर १०१.७५. पुष्कळ मुलं तापमान नवं घेतात आणि वेळ जुनीच ठेवतात, त्यांना १०१.८० येतं. ही चूक आकड्यांकडे बघून कळत नाही, म्हणून सूत्रातल्या `t0 + h` खाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी.

शेवटी पायरीच्या आकाराबद्दल, कारण ‘दुरुस्ती केली की मोठी पायरीही चालते’ असा समज सर्रास असतो. ६० मिनिटांची एकच पायरी घे. अंदाज ११८ − १०८ = १० अंश. हवा २८ असताना पाक १० अंशांवर जाऊच शकत नाही. तिथला उतार +०.३६ येतो, म्हणजे पाक तापू लागला. सरासरी −०.७२, उत्तर ७४.८. खरं उत्तर ५५.१. जवळजवळ २० अंशांची चूक, पण ७४.८ हा आकडा दिसायला अगदी शहाणासुरता आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. १०० मिनिटांची पायरी घेतली तर अंदाज −६२ येतो, तिथला उतार +१.८, सरासरी शून्य आणि उत्तर पुन्हा ११८, म्हणजे शंभर मिनिटांत पाक तसूभरही थंड झाला नाही. इथे वारंवार दुरुस्ती केली तर उत्तर कायम ११८ आणि −६२ यांच्यात हेलकावत राहतं, कधी स्थिरावतच नाही.

हे टाळायला नेमकं उत्तर माहीत असण्याची गरज नाही. दुरुस्तीआधी दोन उतार शेजारी लिही. −१.८ आणि −१.४४ असे जवळचे असतील तर पुढे जा. दुसरा उतार पहिल्याच्या निम्म्याहून कमी झाला तर मी पायरी निम्मी करतो, आणि चिन्हच बदललं तर ती पायरी खोडून पुन्हा मांडतो.